शीवर रक्त दिसलं तर: छोटीशी चीर आणि तिच्यामागचं दुखणं

हा भाग जेवता जेवता ऐकणार असाल तर आधी जेवून घ्या, कारण आज आपण लहान मुलांच्या शीबद्दल बोलणार आहोत.

मुलाच्या शीवर रक्त दिसलं म्हणून घाबरून आलेल्या आईबाबांना मी आधी एकच विचारतो: रक्त नेमकं कुठे होतं? शी कडक, तिच्यावर वरून लालभडक रेघ किंवा शेवटी दोन-चार थेंब, आणि शी करताना मूल कळवळून रडलं, असं असेल तर बहुतेक वेळा गुदद्वाराच्या कडेला बारीक चीर पडलेली असते. मोबाईलवर फोटो काढून आणलात तर फारच उत्तम, लाजू नका. घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "मूळव्याध तर नाही ना?" या वयात मूळव्याध अगदी क्वचित असते.

आता एक उदाहरण घेऊ. अडीच वर्षांचा मुलगा, वजन १२ किलो, खेळकर. आठवड्यात दोनदा शीवर रक्त. आजी म्हणाल्या, "उष्णता झालीय त्याला." मी विचारलं, दूध किती पितो? दिवसाला २०० मिलीच्या चार बाटल्या. मग पोळीभाजीला पोटात जागाच कुठे उरणार! शी तीन-चार दिवसांनी एकदा. आणि आई म्हणाली, "शी आली की पडद्यामागे जाऊन चवड्यांवर ताठ उभा राहतो, लाल होतो. जोर लावतो बिचारा."

तो जोर लावत नसतो, शी धरून ठेवत असतो. एकदा दुखलं की मूल ठरवून टाकतं, आता शी करायचीच नाही. शी आत अडकून राहते, मोठ्या आतड्यात तिच्यातलं पाणी शोषलं जातं, ती आणखी कडक आणि जाड होते, आणि शेवटी बाहेर येताना जुनी चीर पुन्हा उघडते. तपासताना मी दोन्ही बाजूंची त्वचा हलकेच ताणून बघितली, तर मागच्या बाजूला बरोबर मध्यभागी बारीक चीर दिसली. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, काही लागलं नाही.

चिरेवर विशेष काही करावं लागत नाही. कोमट पाण्यात रोज दहा मिनिटं बसवायचं, बस. खरा उपाय शी मऊ ठेवण्याचा. त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात मिसळून सुरू केली, किलोला साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे रोज ६ ग्रॅम. शी मऊ केळ्यासारखी होईपर्यंत डॉक्टर हे प्रमाण कमीजास्त करतात. दूध निम्म्यावर आणलं, बाटली बंद. जेवणानंतर पाच मिनिटं पॉटीवर, पायाखाली पाट, म्हणजे गुडघे वर राहतात. साबणाची कांडी मात्र अजिबात नको. तिने चीर चुरचुरते आणि भीती दुप्पट होते. मोठ्यांचं मूळव्याधीचं मलमही मनाने लावू नका.

गडबड होते ती यानंतर. आठ-दहा दिवसांत चीर भरते, रक्त थांबतं आणि "सवय लागेल" म्हणून औषध बंद होतं. या औषधाने आतड्याला सवय लागत नाही. मुलाची भीती मात्र दहा दिवसांत जात नाही. एकदा कडक शी झाली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून औषध किमान दोन महिने द्यायचं आणि मग हळूहळू कमी करायचं. या मुलाने तिसऱ्या आठवड्यात पडद्यामागे जाणं सोडलं, तरी औषध आम्ही पूर्ण केलं.

मग तपासण्या कधी लागतात? शी मऊ आहे, दुखत नाही, तरी वारंवार लाल रक्त येतंय, तर आतड्यात पॉलिप असू शकतो. तो बहुधा साधाच असतो, पण दुर्बिणीने बघून काढावा लागतो. पातळ शीत रक्त आणि शेंबडासारखी आव, सोबत ताप, म्हणजे जंतुसंसर्गाची शंका. अंगावर पिणाऱ्या किंवा वरचं दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसले तर गाईच्या दुधाच्या ॲलर्जीचा विचार होतो. वजन वाढत नसेल, चीर मध्यभागी नसून बाजूला असेल किंवा उपचार करूनही भरत नसेल, तरी पुढे शोध घ्यायला हवा. बीट खाल्ल्यावर शी लाल आणि लोहाच्या औषधाने काळपट होते, ते वेगळं. तसं काही दिलेलं नसताना डांबरासारखी काळी, चिकट शी झाली, किंवा न दुखता भरपूर रक्त गेलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि एक प्रकार असा, की सकाळची वाट बघायची नाही. बाळ, विशेषतः वर्षाच्या आतलं, मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मध्ये निपचित आणि पांढरं पडतं, उलट्या करतं. अशा वेळी आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. गडद लाल, जेलीसारखी शी त्यात उशिरा दिसते, कधी दिसतच नाही. सोनोग्राफीत निदान होतं, आणि वेळेत पोचलात तर बरेचदा ऑपरेशनशिवाय, हवा किंवा द्रव सोडून आतडं मोकळं करता येतं.