लिंटल रुंद नको, उंच हवं

शेतातल्या शेडला ट्रॅक्टरसाठी आठ फुटांचं दार ठेवलं होतं. नाना गवंड्यांनी त्यावर नऊ इंची भिंतीच्या रुंदीचं, चार इंच जाडीचं लिंटल टाकलं. दोन पावसाळ्यांत ते मधोमध खाली आलं. दार घासू लागलं आणि लिंटलच्या खालच्या अंगाला बारीक उभ्या भेगा दिसू लागल्या.

नानांनी तोडगा काढला, "नवीन टाकताना दोन्ही बाजूंनी साडेचार इंच बाहेर काढू. अठरा इंच रुंद झालं की वाकायचं नाही."

गावातले म्हातारे सुतार तिथेच होते. त्यांनी सागाची दोन इंच रुंद, एक इंच जाड पट्टी घेतली आणि सहा फुटांवर रचलेल्या विटांच्या दोन थरांवर आडवी ठेवली. मधोमध पाण्याची भरलेली बादली टांगली. पट्टी सुमारे आठ सूत, म्हणजे इंचभर वाकली. मग त्यांनी तीच पट्टी काठावर उभी केली. तीच बादली, पण वाक जेमतेम दोन सूत!

"नाना, लाकूड तेवढंच आहे. मग वाक चौथाईवर कसा आला?"

याचं उत्तर पट्टीच्या पोटात आहे. वाकताना वरचे थर दाबले जातात, खालचे ताणले जातात आणि मधला थर जवळपास तसाच राहतो. मध्यापासून थर जितका लांब, तितका तो जास्त ताणला जातो, म्हणून जास्त जोर लावतो. शिवाय लांब असल्यामुळे त्या जोराची तरफही मोठी होते. रुंदी दुप्पट केली, तर फक्त थरांचा पसारा दुप्पट होतो आणि वाक निम्म्यावर येतो. उंची दुप्पट केली, तर थर दुप्पट, प्रत्येकाचा जोर दुप्पट आणि तरफही दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. तेवढ्याच भाराखाली वाक आठव्या हिश्शावर येतो.

नानांचं अठरा बाय चारचं लिंटल आणि नऊ बाय आठचं लिंटल, दोन्हींना काँक्रीट सारखंच लागतं. वाकात मात्र चौपट फरक पडतो. काँक्रीटला भेगा पडल्या की हा हिशोब काटेकोर राहत नाही, सळईवरही बरंच अवलंबून असतं. पण उंचीचा फायदा तरीही मोठाच राहतो. अर्थात उंची वाढवत नेऊन लिंटल पातळ ठेवलं तर ते बाजूला कलंडू शकतं. भिंतीएवढी रुंदी हवीच.

नानांनी नऊ बाय आठचं लिंटल भरलं आणि दोन्ही टोकं भिंतीवर सहा-सहा इंच टेकवली. ताण खालच्या अंगाला येतो आणि काँक्रीट ताणाला कच्चं असतं, त्यामुळे मुख्य सळया तळाशीच हव्यात. तुमच्या घराचं लिंटल भरण्याआधी सेंटरिंगमध्ये डोकावून बघा: खालच्या सळया फळीला टेकलेल्या नसाव्यात, कव्हरच्या ठोकळ्यांवर इंचभर उचललेल्या असाव्यात.