‘मूलभूत गणित’ म्हणजे नेमकं किती?

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासाठी ‘व्यवसायासाठी संख्याशास्त्र’ हा दोन क्रेडिटचा विषय. माहितीपत्रकातलं त्याचं वर्णन सोपं करून द्या, म्हणून एका महाविद्यालयाने मजकूर माझ्याकडे पाठवला. त्यात तीन वाक्यं होती. विद्यार्थ्यांत सांख्यिकीय दृष्टिकोन विकसित होईल. मूलभूत गणिताचे ज्ञान अपेक्षित. मूल्यमापन नियमानुसार.

बारावीला गणित न घेतलेली मुलगी यातलं दुसरं वाक्य वाचून पान उलटणार, हे उघड होतं. म्हणून शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, वर्गात गणित नेमकं कुठे लागतं? टक्केवारी, सरासरी आणि कॅल्क्युलेटरवर काढायचं वर्गमूळ, बस्स. तेव्हा लिहिलं : ‘दहावीपर्यंतचं गणित पुरेसं आहे. बारावीला गणित असण्याची गरज नाही.’ बोलता बोलता एक न लिहिलेली अटही सापडली. तास मराठीत होतात, प्रश्नपत्रिका मात्र फक्त इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हे प्रवेशाआधीच कळायला हवं, म्हणून तेही पूर्वतयारीतच घातलं.

निष्पत्तीचं वाक्य सर्वांत अवघड गेलं. ‘दृष्टिकोन विकसित झाला’ हे तपासणार कसं? ‘समजेल’, ‘जाणीव होईल’ या क्रियापदांचीही तीच अडचण. मी मागच्या दोन प्रश्नपत्रिका मागवल्या आणि त्यांतून मुलांना काय करून दाखवावं लागतं ते टिपलं. त्यावरून वाक्य झालं : ‘दुकानाच्या महिन्याभराच्या विक्रीचे आकडे दिले तर त्यांची सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन काढता येईल, दोनपैकी कोणत्या दुकानाची विक्री जास्त स्थिर आहे ते सांगता येईल.’ मूळ अभ्यासक्रमात ‘संगणकावर विश्लेषण’ही होतं. पण दोन क्रेडिटचे तीस तास सगळे व्याख्यानांचे, प्रयोगशाळेचा एकही नाही, आणि परीक्षेतही त्यावर प्रश्न नाही. ते वर्णनातून काढलं. अभ्यासमंडळाने मंजूर केलेला मजकूर मी बदलू शकत नाही. म्हणून ही विसंगती विभागप्रमुखांना वेगळी लिहून कळवली. न शिकवलेल्या गोष्टीचं आश्वासन देऊन मुलांकडून फी घेणं मला पटत नाही.

मूल्यमापनात ‘नियमानुसार’ काढून नियमच लिहिला. एकूण 50 गुण : सहाव्या आणि अकराव्या आठवड्यात प्रत्येकी 10 गुणांची चाचणी, सत्राअखेरीस 30 गुणांची लेखी परीक्षा. उत्तीर्ण होण्यासाठी चाचण्यांत 8 आणि लेखी परीक्षेत 12 गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. म्हणजे चाचण्यांत 18 आणि लेखीत 10 मिळाले, तर बेरीज 28 होऊनही मुलगा नापास होतो. हे उदाहरण वर्णनात तसंच ठेवलं. दोन्ही चाचण्या बुडवणाऱ्यांना हा हिशोब आजवर निकालाच्या दिवशीच कळत होता, असं मॅडम म्हणाल्या.