एसी घेण्याआधी पत्रा पांढरा करा

बोटमालक बंधू-भगिनींनो, मासळी पॅकिंगच्या खोलीला एसी घेताय? आधी वर पत्रा बघा.

२० चौरस मीटरची खोली, काळपट पत्रा, खाली सिलिंग नाही, असं धरून आम्ही हिशेब केला. एप्रिलच्या भर दुपारी नुसत्या छतातून आलेली उष्णता काढायलाच साधारण १ टन एसी लागतो. ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग दिला, तर अर्धा टन पुरतो. म्हणून आधी रंग, मग एसीचं माप. भिंती, माणसं, मासळी यांचा हिशेब वेगळा धरायचा.

खार, धूळ, शेवाळ बसलं की रंगाचा गुण उतरतो. पावसाळा सरला की छत धुवा.

छतावर हिरवळ हवी? १० सेंटीमीटर ओली माती चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भरते. पत्र्याला ते झेपत नाही. भक्कम स्लॅबवरच, तेही इंजिनियरला विचारून करा.