रात्री सव्वाअकरा ते सकाळी सात

वैद्यकीय हयगयीची तक्रार लिहायला बसलेला माणूस बहुधा पहिलं वाक्य असं लिहितो : "डॉक्टरांच्या बेफिकिरीमुळे आमच्या मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं." दुःख खरं असतं, पण ग्राहक आयोगाला या वाक्याचा काही उपयोग नसतो. नेमकं काय करायला हवं होतं, ते कधी केलं नाही आणि त्यातूनच इजा झाली का, एवढंच तिथे तपासलं जातं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा वर्षांचा मुलगा चिंचेवरून पडला आणि कोपराजवळचं हाड मोडलं. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात संध्याकाळी सहाला प्लास्टर झालं. नऊपासून तो कळवळू लागला. सव्वाअकराला वडिलांनी सिस्टरना सांगितलं, बोटं सुजलीत, हलवता येत नाहीत. वेदनाशामक इंजेक्शन दिलं गेलं. तीनला पुन्हा तेच. डॉक्टर सकाळी सातला आले, त्यांनी प्लास्टर कापलं आणि मुलाला पुण्याला पाठवलं. तिथे दाब मोकळा करायची शस्त्रक्रिया झाली, पण तोवर हाताचे स्नायू मेले होते. बोटं आखडलेलीच राहिली.

इथे बहुतेकांची चूक होते. ते लिहितात, "प्लास्टर चुकीचं घातलं." अशा मोडीत सूज येऊन स्नायूंवर दाब वाढणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, ती चांगल्या डॉक्टरच्या हातूनही होते. कायदा डॉक्टरकडे चमत्कार मागत नाही. त्या शाखेचा साधारण सक्षम डॉक्टर जे करील, तेवढंच मागतो. म्हणून तक्रारीचं बोट प्लास्टरवर नको, सव्वाअकरा ते सात या पावणेआठ तासांवर ठेवायला हवं. बोटं ताणल्यावर जीवघेणं दुखणं हे धोक्याचं लक्षण असताना कुणी हात तपासला नाही, प्लास्टर सैल केलं नाही, डॉक्टरांना बोलावलं नाही.

घटनाक्रम तीन रकान्यांत लिहावा : वेळ, काय घडलं, पुरावा कोणता. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ती ओळ तुमच्या सांगण्यावरच उभी आहे हे ओळखावं. "रात्रभर कुणी बघितलं नाही" असं लिहू नये, "११.१५, सिस्टरना सांगितलं, नर्सिंग नोट्स पान ४" असं लिहावं.

ही पानं मिळवायची, तर नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ते शेवटी लिहिलेलं सारांशपत्र असतं; त्यात रात्र दिसत नाही. लेखी अर्ज करून पूर्ण केसपेपर मागा : नर्सिंग नोट्स, डॉक्टरांच्या सूचनांचं पान, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, एक्स-रे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात. दिल्या नाहीत, तर पोच असलेली प्रत हाच तुमचा पुरावा. मिळाल्यावर आधी शाई आणि वेळा बघा. मध्येच कोंबलेली ओळ, दोन वेगळ्या वेळांना एकाच शब्दांत लिहिलेलं "रुग्ण आरामात" हे सारं बोलकं असतं.

मग दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मत घ्या. प्रत्येक प्रकरणात ते लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशनराव प्रकरणात सांगितलं आहे. पोटात कापसाचा बोळा राहिला, तर तज्ज्ञ कशाला? पण इथे "रात्रीच प्लास्टर कापलं असतं तर हात वाचला असता का" हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर वडील देऊ शकत नाहीत.

भरपाईचा आकडा रागातून काढू नये. पुण्याचं बिल २,१०,०००, फिजिओथेरपी व फेऱ्या ४६,०००, वडिलांची ४० दिवसांची बुडालेली मजुरी २८,०००, पुढच्या शस्त्रक्रियेचा लेखी अंदाज १,५०,०००. अपंगत्व प्रमाणपत्राच्या आधारे १०,००,०००, वेदना आणि मनस्तापाचे ३,००,०००, दाव्याचा खर्च २५,०००. बेरीज १७,५९,०००. पहिल्या दवाखान्याचं ३८,००० चं बिल यात नाही, कारण हाड मोडलं होतं, तो खर्च होणारच होता. ते गाळल्याने बाकीच्या आकड्यांना वजन येतं.

तक्रार कुठल्या आयोगात हे मात्र त्या ३८,००० वरून ठरतं, १७ लाखांवरून नव्हे. २०१९ च्या कायद्यात मोजलेली रक्कम धरतात. ती ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

दवाखान्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यात बहुधा एक वाक्य असतं : नातेवाइकांनी सकाळपर्यंत काहीच सांगितलं नाही. वडिलांनी रात्री ११.२० ला डॉक्टरांच्या मोबाइलवर दोनदा फोन लावला असेल, तर त्याचा कॉल तपशील आधीच घटनाक्रमाच्या तिसऱ्या रकान्यात असायला हवा.