शीतजल संयंत्राची परीक्षा

मोठ्या इस्पितळात किंवा नाट्यगृहात गारवा पोचवणारे पाणी एका यंत्रघरात थंड होते, हे तुम्हांस ठाऊक असेल. हे संयंत्र नवे बसवले की ताब्यात घेण्यापूर्वी त्याची परीक्षा घेतात. उत्तीर्ण कशाला म्हणायचे ते परीक्षेआधीच लिहून ठेवलेले असते. नंतर ठरवू म्हटले, तर जो आकडा येईल तोच बरोबर ठरतो!

समजा, यंत्र ३०० टनांचे आहे. हा टन वजनाचा नव्हे. एक टन म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३.५ किलोज्यूल उष्णता काढून घेणे. म्हणजे आपल्या यंत्राने सेकंदाला १०५० किलोज्यूल, अर्थात १०५० किलोवॉट, उष्णता काढली पाहिजे. त्यातून सेकंदाला ५० लिटर पाणी वाहते. ते १२ अंशांवर आत जाऊन ७ अंशांवर बाहेर आले, तर ५० × ४.२ × ५ = १०५०. झाले!

पण प्रत्यक्ष चाचणीत बाहेरच्या पाण्याचा तापमापक ७.४ दाखवतो. गुणाकार येतो ९६६. यंत्र नापास करायचे का? थांबा. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम इथे साक्षीला बोलावता येतो. पाण्यातून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरची मोटर घेते ती १८० किलोवॉट वीज (ही मोटर शीतकानेच थंड होते), या दोहोंची बेरीज संघनकातील पाण्याबरोबर बाहेर पडली पाहिजे. आराखड्यात ५ टक्क्यांपर्यंत तफावत मान्य आहे. संघनकातून सेकंदाला ६० लिटर पाणी वाहते आणि ४.९ अंशांनी तापते, म्हणजे १२३५ किलोवॉट. इकडे ९६६ + १८० = ११४६. तफावत ७ टक्क्यांहून अधिक! तेव्हा यंत्राविषयी निकाल देण्याआधी मापनच तपासले पाहिजे.

चारही तापमापक बर्फाचा चुरा व पाणी यांच्या मिश्रणात ठेवले. तिघांनी शून्य दाखवले, चौथ्याने ०.४. हा चौथा बाहेरच्या पाण्याचाच. खरे तापमान ७.० होते, बेरीज १२३० झाली आणि हिशेब जुळला. ०.४ अंश ही चूक क्षुल्लक वाटते, पण फरकच ५ अंशांचा असल्याने ती ८ टक्के होते.

दुसरी एक चाचणी मात्र हिशेबाची नाही. पंप बंद पडला तर बाष्पकाच्या नळ्यांत पाणी साचून गोठते, फुगते आणि नळी फुटते. म्हणून प्रवाह थांबताच कॉम्प्रेसर बंद करणारी कळ असते. आधी पंप बंद ठेवून यंत्र सुरू करून पाहतात. ते सुरू होताच कामा नये. मग चालू यंत्राचा प्रवाह झडपेने हळूहळू कमी करतात. ठरवलेल्या किमान प्रवाहाला यंत्र आपोआप थांबले नाही, तर परीक्षक स्वतः ते लगेच बंद करतो. अशा वेळी हिशेबातले सारे गुण मिळालेले असले तरी संयंत्र ताब्यात घेत नाहीत.