चित्रांच्या डेकचा सारांश

नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपन्यांत महिन्याच्या आढाव्याचा डेक हातात येतो, तेव्हा मजकूर कमी आणि चित्रंच जास्त असतात. पॉवरपॉइंटच्या Outline View मध्ये अशा डेकचे जेमतेम मथळे उरतात, आणि मथळा हा सादर करणाऱ्याचा दावा असतो.

समजा, मथळा आहे ‘वेळेत सुटलेल्या तक्रारींत मोठी झेप’. खाली दोन स्तंभ, दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच. पण उभा अक्ष ८० पासून सुरू होतो. आकडे आहेत ८४ आणि ८८ टक्के. सारांशात ‘८४ वरून ८८ टक्के, म्हणजे ४ टक्केबिंदूंची वाढ’ एवढंच लिहावं. झेप सादर करणाऱ्याची, तिला त्याच्याच नावावर राहू द्यावं.

स्तंभांवर आकडे नसतील, तर आलेखावर राइट-क्लिक करून Edit Data मिळतं का पाहावं. मिळालं, तर मूळ तक्ता उघडतो. आलेख चित्र म्हणून चिकटवलेला असेल, तर अंदाज नजरेनेच करायचा आणि आकड्याआधी ‘सुमारे’ लिहायचं.

डॅशबोर्डच्या स्क्रीनशॉटमध्ये आधी कालावधीच्या फिल्टरचा कोपरा वाचावा. मथळ्यात ‘मासिक’ आणि फिल्टरमध्ये Last 7 days असेल, तर तो आकडा आठवड्याचाच. कोपरा कापलेला असेल, तर कालावधी डेक बनवणाऱ्याला विचारावा.