दोन निळ्या नळ्या, दोन कारणे
लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्चचे विघटन करते. आयोडीनचा निळा रंग येईनासा झाला की स्टार्च संपले असे धरतात. 37 अंश सेल्सिअसला हे काही मिनिटांतच घडते. बर्फातल्या आणि 80 अंशांच्या नळीत मात्र स्टार्च तसेच राहते. अहवालात दोन्हींपुढे ‘क्रिया नाही’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. दोन्ही नळ्या 37 अंशांवर आणल्या की थंड नळीतले विकर पुन्हा कामाला लागते. तापलेल्या नळीत प्रथिनाची घडीच उलगडलेली असल्याने काही होत नाही. एक फसगत मात्र हमखास होते: गरम द्रावणात स्टार्च असूनही आयोडीनचा निळा रंग उमटत नाही. म्हणून नमुना गार करूनच आयोडीन घालावे, नाहीतर निकामी विकरच सर्वांत वेगवान ठरते.